बंदूक कोणाच्या हातात होती?

‘स्लमडॉग मिलियनेअर’ हा सिनेमा एका प्रश्नाने सुरू होतो. जमाल मलिक नावाचा मुलगा दोन कोटी रुपयांपासून एका उत्तरावर येऊन थांबला आहे. हे त्याला कसं जमलं? पडद्यावर चार पर्याय उमटतात: त्याने फसवणूक केली, तो नशीबवान आहे, तो अफाट हुशार आहे, हे असंच लिहिलेलं होतं. दोन तासांनी सिनेमा स्वतःच उत्तर लॉक करतो: चौथा पर्याय. लिहिलेलं होतं.

हा सिनेमा ज्या कादंबरीवरून घेतलाय, त्या विकास स्वरूप यांच्या ‘क्यू अँड ए’मध्ये या प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे. तिथल्या नायकाकडे एक रुपयाचं नाणं आहे. निर्णय घ्यायची वेळ आली की तो ते उडवतो. छापा पडला की एक वाट, काटा पडला की दुसरी. शेवटच्या पानांवर त्याची वकील ते नाणं हातात घेऊन बघते, तर दोन्ही बाजूंना छापाच. म्हणजे पोरगा नशिबाला काही विचारतच नव्हता. स्वतः ठरवायचा आणि नाणं उडवून तसं दाखवायचा. मग तो ते नाणं फेकून देतो.

एकच गोष्ट, एकच क्विझ शो, प्रत्येक उत्तरामागे आयुष्यातला एकेक प्रसंग ही एकच भन्नाट कल्पना. तरी पुस्तक म्हणतं, हे मी केलं. सिनेमा म्हणतो, हे माझ्यासाठी आधीच ठरलेलं होतं. मधल्या वाटेत कुठेतरी एक नैतिक भूमिका बदलली. ती कुठे बदलली हे मला शोधायचं आहे. ‘पुस्तक चांगलं की सिनेमा’ या नेहमीच्या भांडणात मला रस नाही. मला असं वाटतं की कथानकातला प्रत्येक बदल सारख्या जातीचा नसतो. काही बदल माध्यमच करायला लावतं. काही बदल आधीच्या बदलांमुळे ओढले जातात. आणि काही बदल करायची कुणी सक्ती केलेली नसते, ते निवडलेले असतात. नैतिक जबाबदारीचा प्रश्न फक्त या तिसऱ्या प्रकारात येतो.

आधी पुस्तकातली गोष्ट

विकास स्वरूप हे भारतीय परराष्ट्र सेवेत अधिकारी होते. ‘क्यू अँड ए’ २००५ साली आलं. नायकाचं नाव राम मोहम्मद थॉमस. हा अनाथ मुलगा दिल्लीतल्या एका चर्चच्या आसऱ्याने वाढतो, त्याचा धर्म कुणालाच माहीत नाही, म्हणून तिन्ही नावं एकत्र ठेवून प्रश्न मिटवलेला. तो पुढे दिल्ली, आग्रा, मुंबई असा भटकतो. एका ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याच्या घरी नोकर असतो, एका उतरत्या काळातल्या नटीकडे कामाला असतो, ताजमहालात गाइड असतो, आणि शेवटी धारावीत राहून एका बारमध्ये वेटर. कार्यक्रमात तो सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर देतो आणि शंभर कोटी रुपये जिंकतो. लगेच त्याला अटक होते, कारण कार्यक्रम बनवणाऱ्या कंपनीकडे द्यायला तेवढे पैसेच नाहीत. इतक्या लवकर कुणी जिंकेल असं त्यांनी धरलेलंच नव्हतं. मग फसवणुकीचा कबुलीजबाब काढायला पोलीस मारहाण करतात. स्मिता नावाची वकील येऊन त्याला सोडवते, आपल्या घरी नेते, आणि कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावून एकेका प्रश्नाला थांबून विचारते: हे तुला कसं माहीत?

पुस्तकाचं प्रत्येक प्रकरण म्हणजे एक प्रश्न. आणि प्रश्न काही वयानुसार येत नाहीत. एका प्रकरणात राम मोठा आहे, पुढच्यात लहान, मग पुन्हा मधल्या वयाचा. आयुष्य पत्त्यांसारखं पिसून समोर मांडलंय. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जातात आणि आयुष्याला त्या क्रमाची पर्वा नाही.

पहिला बदल: क्रम

पटकथाकार सायमन बोफॉय यांनी यातला क्रम सरळ केला. सिनेमात पहिला प्रश्न ‘जंजीर’मधल्या नटाचा, आणि जमाल अगदी लहान असताना अमिताभची सही मिळवायला संडासाच्या खड्ड्यात उडी मारतो तो प्रसंग. मग रामाच्या हातातल्या धनुष्यबाणाचा प्रश्न आणि आई मारली जाते ती दंगल. मग सूरदास, मामनची भीक मागायला लावणारी टोळी. मग शंभर डॉलरच्या नोटेवरचा फ्रँकलिन, ताजमहालातले दिवस. मग रिव्हॉल्व्हरचा शोध लावणारा कोल्ट, मामनचा खून. मग लंडनमधलं केंब्रिज सर्कस, कॉल सेंटरमधली चहावाल्याची नोकरी. आठवणीतून आलेली ही सहा उत्तरं जमालच्या वयाच्या क्रमाने येतात. फक्त शेवटचा, तिसऱ्या मस्केटियरचा प्रश्न वळून पुन्हा शाळेच्या वर्गात जातो.

हे का करावं लागलं? माझ्या मते सगळ्यात मोठं कारण अगदी साधं आहे. पुस्तकात ‘मी’ हा एकच शब्द पुरतो. राम आठ वर्षांचा असो की अठरा, वाचक त्याला लगेच ओळखतो, कारण सांगणारा आवाज तोच असतो. सिनेमात मात्र चेहरा लागतो आणि चेहऱ्याला वय असतं. जमाल, सलीम आणि लतिका या तिघांसाठी प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण नऊ कलाकार घ्यावे लागले. आता कल्पना करा, हे नऊ चेहरे पिसलेल्या क्रमाने येतात. तेवढ्यात स्टुडिओतला प्रश्न आणि पोलीस ठाण्यातली चौकशी असे आणखी दोन काळ चालू आहेत. वाचकाला गोंधळ झाला तर तो दोन पानं मागे जातो. थिएटरमधल्या प्रेक्षकाला मागे जाता येत नाही. त्याची सगळी शक्ती ‘हा कोण आणि हे कधी’ यातच खर्च होईल आणि गोष्ट हातातून सुटेल. म्हणून आयुष्य सरळ रेषेत लावलं. हा बदल माध्यमाने करायला लावलेला आहे, आणि त्याबद्दल कुणाला दोष देण्यात अर्थ नाही.

पण त्याचा एक परिणाम बघण्यासारखा आहे. सहा गोष्टी यादृच्छिक क्रमाने आल्या तर त्यांचे ७२० क्रम होऊ शकतात. त्यातला नेमका एक क्रम वयाचा. म्हणजे प्रश्न काढणाऱ्याला जमालची काहीच माहिती नसताना हे सहा प्रश्न त्याच्या आयुष्याच्या क्रमानेच पडण्याची शक्यता सातशे वीसपैकी एक. त्याला उत्तरं येणं हा योगायोग आधीच होता, त्यावर हा दुसरा. पुस्तकात पहिला योगायोग आहे, दुसरा नाही. पिसलेला क्रम हीच तिथली प्रामाणिक खूण आहे: जगाला तुझी गोष्ट माहीत नाही, प्रश्न आपले येतायत, तुला येतायत ही वेगळी गोष्ट. सिनेमात मात्र प्रश्न जणू जमालचं चरित्र वाचूनच येत राहतात. बोफॉयना हे दिसलं असणारच. इतका योगायोग प्रेक्षकाला टोचू नये याचा एकच उपाय उरतो, तो म्हणजे त्या योगायोगालाच नाव देणं. ‘लिहिलेलं होतं.’ थोडक्यात, चेहऱ्यांमुळे क्रम बदलला आणि क्रम बदलल्यामुळे नियती आणावी लागली. एक दुरुस्ती केली की तिच्यावर अवलंबून असलेल्या चार जागी दुरुस्ती करावी लागते, हे माझ्या धंद्यात रोज दिसतं. पटकथेतही तेच दिसतं.

दुसरा बदल: अटक कधी आणि ऐकणारा कोण

पुस्तकात राम जिंकून झाल्यावर अटक होते. म्हणजे पहिल्याच पानावर आपल्याला कळतं की त्याला सगळी उत्तरं आली. उरतं फक्त ‘कशी’. पुस्तकाला तेवढं कुतूहल पुरतं, कारण प्रत्येक प्रकरण ही आपापली उत्कंठा असलेली स्वतंत्र गोष्ट आहे. रेल्वेतला दरोडा, दारुडा शेजारी, भाषा नसलेला शंकर हा मुलगा, अशा या गोष्टी.

सिनेमात हे प्रसंग गाळावे लागणारच होते. बारा लघुकथा दोन तासांत बसत नाहीत. बसवल्या तर प्रत्येकीला दहा मिनिटं मिळतील आणि एकीचंही माणूस लक्षात राहणार नाही. पण लघुकथा काढल्या की त्यांची उत्कंठाही गेली. ती दुसरीकडून आणायला हवी. म्हणून अटक एक पाऊल मागे सरकवली. सिनेमात जमालला शेवटचा प्रश्न यायच्या आधल्या रात्री पकडतात. आता ‘कशी’बरोबर ‘पुढे काय’ हाही प्रश्न जिवंत आहे. छोटासा बदल वाटतो, पण सिनेमाचा सगळा ताण त्यावर उभा आहे.

ऐकणाराही बदलला. स्मिता आल्यापासूनच रामच्या बाजूची आहे. सिनेमात ती जागा इन्स्पेक्टरने घेतली. तो आधी विजेचे झटके देणारा, मग शंका घेणारा आणि शेवटी पटलेला. इरफान खानचा चेहरा प्रत्येक उत्तराबरोबर थोडा बदलतो आणि प्रेक्षकाला आपणही पटत चाललोय हे त्यातून कळतं. वकील आधीच पटलेली असती तर कॅमेऱ्याने बघायचं काय? हाही बदल समजण्यासारखा आहे. मात्र त्याची एक किंमत पडली. पुस्तकात स्मिता ही कोण, याचं उत्तर शेवटी मिळतं. ती रामच्या शेजारची गुडिया असते, बापाच्या छळातून जिला त्याने लहानपणी वाचवलं होतं. म्हणजे रामला पोलीस ठाण्यातून सोडवणारी मदत ही त्यानेच कधीतरी केलेल्या कृत्याची परतफेड होती. सिनेमात तो धागा गेला. तिथे इन्स्पेक्टर जमालला सोडतो, कारण जमाल खरं बोलतो. पुस्तकातला नायक आपल्या कृतीने सुटतो, सिनेमातला आपल्या सच्चेपणाने. हा फरक लक्षात ठेवू, तो पुढे लागणार आहे.

तिसरा बदल: तो तिथे कशाला गेला?

पुस्तकातलं सगळ्यात मोठं रहस्य पैशांचं नाहीच. राम कार्यक्रमात पैसे जिंकायला गेलेला नाही. तो सूत्रसंचालक प्रेम कुमारचा सूड घ्यायला गेलाय. आग्र्यात नीता नावाच्या ज्या वेश्यावस्तीतल्या मुलीवर त्याचं प्रेम आहे, तिला अमानुष मारहाण करणारा गिऱ्हाईक हाच. ज्या नटीकडे राम कामाला होता, तिचा छळ करणाराही हाच. शेवटच्या प्रश्नाआधीच्या ब्रेकमध्ये रामकडून बंदूक बाहेर निघते. गोळी तो झाडत नाही, पण तो त्यासाठीच आला होता.

सिनेमात जमाल कार्यक्रमात जातो, कारण हा कार्यक्रम सगळा देश बघतो, म्हणजे हरवलेली लतिकाही बघत असेल. सूड गेला, प्रेम आलं. नीता, गुडिया आणि आणखी काही धागे मिळून एकच लतिका झाली, आणि ती लहानपणापासूनच सोबत आली, म्हणजे तिच्यासाठीची धडपड संपूर्ण सिनेमाभर पुरते.

याची कारणं बघू. पुस्तकातला ‘मी’ आपला हेतू लपवू शकतो. तो खोटं बोलत नाही, फक्त सांगत नाही. पण पडद्यावर नायक सूत्रसंचालकासमोर दीड-दोन फुटांवर बसलेला, आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा त्या दोघांच्या चेहऱ्यांवर. नायकाच्या डोळ्यांत खून असेल तर तो दिसायला हवा, आणि दिसला तर रहस्य संपलं. दिसला नाही तर शेवटी प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटेल. दुसरं कारण पुन्हा गाळलेल्या लघुकथांचं. त्या गेल्यावर सगळे तुकडे ओवणारा एक दोरा हवा होता. शेवटी उघड होणारा हेतू दोरा होऊ शकत नाही. पहिल्यापासून माहीत असलेला होऊ शकतो.

तिसरं कारण पडद्यामागचं आहे. पुस्तकातला कार्यक्रम काल्पनिक आहे. सिनेमात थेट ‘कौन बनेगा करोडपती’चं नाव, तोच सेट, तेच काळजात धडधडणारं संगीत. हे शक्य झालं, कारण सिनेमा करणारी सेलाडोर फिल्म्स ही ज्या ब्रिटिश समूहातली, त्याच समूहाने १९९८ साली मूळ ‘हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर?’ हा कार्यक्रम काढला होता. आता पुस्तकातली गोष्ट आठवा: कार्यक्रमाची कंपनी बक्षीस बुडवायला विजेत्याला पोलिसांच्या हाती देते. काल्पनिक कार्यक्रमाबद्दल हे लिहिता येतं. खऱ्या कार्यक्रमाचं नाव लावल्यावर ही भानगड ठेवणं अवघड झालं असणार, असा माझा तर्क आहे. पडद्यावर जे आलं ते असं: कंपनी निर्दोष, वाईट फक्त एक सूत्रसंचालक, आणि तोही मत्सराने. व्यवस्थेचा गुन्हा एका माणसाचा दुर्गुण झाला. या बदलाची किंमत आपल्या सहसा लक्षात येत नाही, कारण अनिल कपूर ती भूमिका मस्त करतो आणि आपण त्याचा राग करण्यात गुंगतो.

चौथा बदल: बंदूक

इथे माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो.

कोल्टचा प्रश्न पुस्तकातही आहे, सिनेमातही. पुस्तकात त्यामागे रेल्वेतला दरोडा आहे. राम मुंबईकडे निघालाय, डब्यात दरोडेखोर शिरतो, एका मुलीशी लगट करू लागतो. राम झटापट करतो, बंदूक रामच्या हाती येते आणि गोळी सुटते. दरोडेखोर कोसळतो. राम घाबरून गाडीतून पळतो आणि आपल्या हातून खून झाला हे ओझं घेऊन जगतो. एवढंच नाही, पुस्तकात राम वेळ पडली तर चोरी करतो, खोटं बोलतो, लोकांना गंडवतो. गुडियाच्या बापाला त्यानेच ढकललेलं असतं. चांगला मुलगा आहे, पण स्वच्छ मुलगा नाही.

सिनेमात कोल्टच्या प्रश्नामागे मामनचा खून आहे. किशोरवयातले जमाल आणि सलीम लतिकाला सोडवायला जातात, मामन आडवा येतो, आणि गोळी झाडतो सलीम. जमाल बघत राहतो. त्याला उत्तर येतं, कारण त्याने ती बंदूक पाहिली. वापरली दुसऱ्याने.

पुस्तकात सलीम हा रामचा मित्र, गोड स्वभावाचा, सिनेमावेडा. त्याला शेवटी नट व्हायला मिळतं. त्याच्या घरच्यांना जमावाने मारलेलं असतं. सिनेमाने दोन उलटसुलट व्यवहार केले. सलीमच्या वाट्याची दंगल नायकाला दिली, म्हणून राम मोहम्मद थॉमसचा जमाल मलिक झाला. आणि नायकाच्या वाट्याची बंदूक सलीमला दिली, म्हणून मित्राचा भाऊ झाला आणि भावाचा गुंड. दुःख नायकाकडे आलं, पाप भावाकडे गेलं. एका माणसाचे दोन भाग करून एकाला बक्षीस दिलं आणि दुसऱ्याला नोटांनी भरलेल्या बाथटबमध्ये मरण.

आता माझी कसोटी लावून बघू. हा बदल टाळता आला असता का? टाळला असता तर आणखी काय काय बदलावं लागलं असतं? क्रमाचा बदल टाळला असता तर सिनेमा समजलाच नसता. अटकेचा टाळला असता तर ताण गेला असता. पण मामनवर गोळी सलीमऐवजी जमालने झाडली असती तर? जागा तीच, तेच दोन कलाकार, तेवढाच वेळ, तोच प्रश्न, तेच उत्तर. एक मिनिटसुद्धा वाढलं नसतं. इन्स्पेक्टरसमोर ते सांगताना जमाल एका खुनाची कबुली देतोय, हे तर कदाचित जास्तच थरारक झालं असतं. हा बदल माध्यमाने मागितलेला नव्हता. तो निवडला.

का निवडला, याचं उत्तर चौथ्या पर्यायात आहे. नियतीने बक्षीस द्यायचं ठरवलं असेल तर ज्याला द्यायचं तो त्या लायकीचा दिसायला हवा. ‘हे लिहिलेलं होतं’ हे वाक्य खुनी मुलाबद्दल म्हटलं तर ते ऐकायला अस्वस्थ वाटतं. मग देवाने त्या खुनाचाही हिशोब आधीच मांडला होता का, असे प्रश्न येतात. शुद्ध मुलाबद्दल म्हटलं की ते आशीर्वादासारखं वाटतं आणि सीएसटीच्या फलाटावर नाचता येतं. तर साखळी अशी आहे: चेहऱ्यांमुळे क्रम, क्रमामुळे नियती, नियतीमुळे निष्पापपणा. पहिल्या दोन कड्या मला मान्य आहेत. तिसरी कडी आपण प्रेक्षक मागतो म्हणून येते.

यावरचा आक्षेप

कुणी म्हणेल, दोन भाऊ, एक साधा आणि एक वाया गेलेला, हा आपल्या हिंदी सिनेमाचा जुना साचा आहे. ‘दीवार’ आठवत नाही का? आठवतो, आणि ‘स्लमडॉग’वर ‘दीवार’ची सावली आहे हे उघड आहे. पण ‘दीवार’मध्ये आपण बाजू कोणाची घेतो? थिएटरमधून बाहेर पडताना आपल्या डोक्यात विजय असतो. सिनेमा कायद्याला जिंकू देतो, पण त्याचं प्रेम गुन्हेगारावर आहे, आणि तो असा का झाला हे आपल्याला पूर्ण माहीत असतं. ‘स्लमडॉग’मध्ये सलीम असा का झाला याचा विचार करायला फारसा वेळ मिळत नाही. कथा जमालच्या तोंडून सांगितली जाते, आणि सलीमची बाजू सांगायला पोलीस ठाण्यात कुणी बसलेलं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो सिनेमाच्या आतूनच येतो. मामनच्या अड्ड्यातून जमालला आंधळं होण्यापासून वाचवतो सलीम. लतिकाला सोडवताना गोळी झाडतो सलीम. शेवटी जावेदच्या घरातून तिला गाडीची किल्ली आणि स्वतःचा फोन देऊन पळवतो तोही सलीमच. जमालने ‘फोन अ फ्रेंड’साठी लावलेला नंबर सलीमचा असतो, म्हणून पलीकडून लतिका बोलते. म्हणजे जमालचे हात स्वच्छ राहिले, कारण दर वेळी दुसऱ्याने आपले मळवले, हे सिनेमा स्वतःच दाखवतो. हाच सलीम मध्ये बंदुकीच्या जोरावर भावाला हाकलून लतिकाला ताब्यात घेतो, हेही तो लपवत नाही. मग सिनेमाला सगळं माहीत आहे की!

हे मला पटतं. डॅनी बॉइल आणि बोफॉय भाबडे नाहीत. पण माहीत असणं आणि हिशोबात धरणं यात फरक आहे. सगळं दाखवून झाल्यावर पडद्यावर जे उत्तर येतं ते ‘भावाने केलं’ असं नसतं. त्या चार पर्यायांत तसा पर्यायच नाही. फसवणूक, नशीब, हुशारी, नियती. पाचवा पर्याय, म्हणजे ‘दुसऱ्या कुणीतरी किंमत मोजली’, प्रश्नपत्रिकेत छापलेलाच नाही. आणि गंमत अशी की शेवटचं उत्तर, अ‍ॅरामिस, हे जमालला येतच नसतं. तो अंदाजाने बोलतो आणि बरोबर येतं. म्हणजे खरं तर दुसरा पर्याय, नुसतं नशीब. सिनेमा त्यालाही नियती म्हणतो.

नशिबाला नियती म्हटल्याने काय बिघडतं? बिघडतं ते असं. नशीब म्हटलं की मान्य करावं लागतं, हे दुसऱ्या कुणाच्याही वाट्याला येऊ शकलं असतं. सूरदासाच्या प्रश्नातलं भजन मामनच्या अड्ड्यावर आंधळ्या केलेल्या अरविंदलाही येत होतं. त्याला खुर्ची मिळाली नाही एवढंच. नियती म्हटलं की अरविंदचं आंधळेपणही लिहिलेलंच ठरतं. ज्याला मिळालं त्याला ते मिळायचंच होतं, ज्याला नाही त्याला नाहीच. चांगली नोकरी लागलेला, वर्गातल्या दहा जणांइतकाच हुशार असलेला माझ्यासारखा माणूस हे वाक्य फार आनंदाने ऐकतो. म्हणूनच मला ते संशयास्पद वाटतं.

दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं यापेक्षा कठोर आहे. त्याचं म्हणणं असं की निर्णय तुझे होते. चांगले आणि वाईटही. रेल्वेतली गोळी तुझीच होती, गुडियाला वाचवणारा धक्काही तुझाच. बक्षीस मिळालं म्हणून तू शुद्ध होत नाहीस, आणि शुद्ध नव्हतास म्हणून बक्षीस चुकलंही नाही. अर्थात पुस्तकालाही मर्यादा आहेत. तिथले योगायोग काही कमी नाहीत. वकील नेमकी गुडियाच निघावी, दोन्ही बायकांचा छळ करणारा नेमका एकच माणूस असावा, हे सिनेमातल्या कुठल्याही योगायोगाइतकंच ओढूनताणून आहे. ‘सगळं तुझ्याच हातात’ हे म्हणणंही झोपडपट्टीतल्या मुलाबद्दल अर्धंच खरं आहे. पण निदान ते पुस्तक नायकाचं पाप त्याच्याच खात्यावर ठेवतं.

पुढच्या वेळी एखाद्या कादंबरीवरचा सिनेमा बघाल, तेव्हा कोणते प्रसंग गेले याची यादी करण्यापेक्षा एक गोष्ट तपासून बघा. पुस्तकात नायकाने केलेलं सगळ्यात वाईट काम कोणतं, आणि सिनेमात ते कोण करतं? उत्तर ‘नायकच’ असेल तर बाकी कितीही बदललेलं असो, गोष्ट तीच आहे. उत्तर दुसरं कुणी असेल, तर तो माणूस पुढे मरतो का ते बघा. बहुतेक मरतो. जमाल आणि लतिका फलाटावर नाचत असतात तेव्हा सलीम त्या गाण्यात कुठेच नसतो.